बिननावाचा पेला

नाना गेल्याचं मला त्यांच्या मुलाने फोनवर सांगितलं. सकाळी चहा पिता पिता छातीत दुखलं आणि पिंपळगावच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मी "अरे देवा" म्हणालो आणि फोन ठेवला... त्या घरात कुठल्या तोंडाने जायचं, हेच डोक्यात घोळत राहिलं.

आमच्या द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये नाना बावीस वर्षं सुपरवायझर होते. आडनाव मुद्दाम लिहीत नाही, का ते पुढे कळेलच. माणूस भांडखोर, तोंडाने फटकळ, पण नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात घरचं जेवण आणून घालणारा. त्यांचा एक रिवाज होता. कुणी कामावर रुजू झालं की नाना पदरमोड करून स्टीलचा पेला आणायचे, पंचवटीतल्या भांड्याच्या दुकानात त्यावर नाव-आडनाव कोरून घ्यायचे आणि चहाच्या खोलीत मांडायचे. माझाही पेला होता. आपल्याकडे भांड्यावर नाव असतंच, त्यामुळे त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

दोन वर्षांपूर्वी तमिळनाडूहून सेल्वम आला, माल तपासणारा अधिकारी म्हणून. अबोल, कामाला चोख. नानांनी त्याला आडनाव विचारलं. तो म्हणाला, नाही. त्यांच्याकडे नावामागे वडिलांच्या नावाचं एक अक्षर लावतात, बस. नानांना ते पटेना. आठवड्यात तीनदा विचारलं, तेही पॅकिंगच्या बायकांसमोर. शेवटी नाव न कोरलेला पेला त्यांनी खिडकीत ठेवला, बाकीच्यांत मिसळू नये म्हणून, आणि हिंदीत सांगितलं, "आपका गिलास अलग रखा है. उसी में पीना."

कामगारांच्या तक्रारी माझ्याकडे यायच्या; दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर सेल्वमची लेखी तक्रार. आडनावावरून जात शोधण्याचा प्रयत्न आणि वेगळा पेला.

चौकशी समितीत आम्ही तिघं होतो, जबाब लिहून घ्यायचं काम माझ्याकडे. तक्रारीची प्रत नानांना दिली, उत्तराला मुदत दिली. दोघांना वेगवेगळं बोलावलं, मग दोन बायकांना. नेमके शब्द काय होते, किती वेळा, कुणासमोर? इतरांशीही ते असंच वागतात का? सेल्वमला हे लागेल याची नानांना कल्पना होती का? बायकांनी सांगितलं, पेला सगळ्यांनाच देतात, खोटं कशाला बोलू. मांडणीवर नावं कोरलेले एकतीस पेले होतेच.

सेल्वमने आवाज चढवला नाही. म्हणाला, "मेरे दादा का गिलास चाय की दुकान के बाहर टँगा रहता था. सर, आप बताइए, मैं क्या समझता?" आणि आडनाव? त्यांच्या घरी ते लावत नाहीत ते याचसाठी, की कुणी जात ओळखू नये. नाना हे कुठून जाणणार! आणि सेल्वम तरी आमची भांडी कुठून जाणणार! मला वाटलं, गैरसमज आहे, सुटला प्रश्न.

मग नानांचा जबाब. मी सहज विचारलं, आडनाव नव्हतं तर नुसतं सेल्वम कोरून टाकायचं की. नाना माझ्याकडे बघतच राहिले. "आसं कसं सायेब? आडनावाबिगर मानूस कोनाचा, कुठला, कळायचा कसा?"

समितीतले बाकीचे दोघे तेव्हा आपापल्या फोनमध्ये होते. माझा पेन थांबला. नानांच्या मनात काळंबेरं नव्हतं, शपथेवर सांगतो. पण सेल्वमला ज्याची भीती होती, नाना तेच विचारत होते... आणि मीही लग्नाकार्यात, प्रवासात आयुष्यभर तेच विचारत आलोय. ते वाक्य मी लिहिलं नाही. लिहिलं, 'रिवाजाप्रमाणे विचारले.'

निष्कर्ष निघाला: शब्द उच्चारले हे खरं, सेल्वमचं मन दुखावलं हेही खरं, अपमानाचा हेतू सिद्ध होत नाही, सबब गैरवर्तन नाही, वारंवार आडनाव विचारणं अनुचित, लेखी समज द्यावी. कागदावर चोख. नाना म्हणाले, गुन्हा नाय तर समज कशाची? सेल्वम म्हणाला, चूक नव्हती तर मला दुखलं कशाने? मी दोघांच्याही हातात निकालाची प्रत दिली आणि पोचपावतीवर सही घेतली. चहाच्या खोलीत कागदी कप आले. नाना चहा गोदामात एकटे प्यायचे, हंगाम संपला तसे काम सोडून घरी बसले.

दहाव्यानंतर गेलो. नानांच्या बायकोने, काकूंनी, कपाटातून ते समजपत्र काढलं, घडीवर चिरलेलं. "ह्ये रोज वाचायचे. मला वाचता येत नाय. सायेब, तुमी तवा होते. ह्यांनी त्या पोराची जात इचारली व्हती का?"

मी "नाही" म्हणालो. काकूंनी पत्र पुन्हा घडी करून ठेवलं, त्यांना बरं वाटलं असावं. निकालाच्या दिवशी सेल्वमनेही मला नेमकं हेच विचारलं होतं, आणि त्यालाही मी "नाही" म्हणालो होतो.