आनंदीमावशीचं नाक

१९८६ साली भाषेवरून गोवा पेटला होता. त्याच वर्षी मी पुण्याहून एम.ए.च्या प्रबंधासाठी टेपरेकॉर्डर घेऊन इब्रामपूरला गेले. पाहावं तिथे एकच प्रश्न, "बाय, आमची भास मराठी की कोंकणी, किदें लिवतलीस?" मी म्हणे, "मी फक्त आवाज लिहिते." त्यावर कुणाचाच विश्वास बसत नसे. आनंदी गावस मात्र हसली आणि पडवीत चटई घालून म्हणाली, "बस. विचार."

पन्नाशीची विधवा, शाळेत न गेलेली, काजूची बाग एकटीने राखणारी. काम आटोपलं की दुपारी माझ्यासाठी बसायची.

पहिला घोळ 'फ'चा. ती 'फातर', म्हणजे दगड, कधी ओठ मिटून म्हणायची, कधी वरचे दात खालच्या ओठाला लावून, इंग्रजी 'एफ'सारखं. मी आठवडाभर नियम शोधला. पुढचा स्वर पाहिला, आधीचा शब्द पाहिला. शेवटी तिला तोच शब्द पाच वेळा म्हणायला लावला. दोनदा असा, तीनदा तसा.

"मावशी, फरक काय?"

"फातर तो फातरच गो! कशेंय म्हटलें म्हूण तो मोव जाता?"

तिचंच बरोबर होतं. तोच शब्द, तीच जागा, अर्थही तोच. हा मुक्त पर्याय होता. मी नसलेली अट शोधत बसले होते.

दुसरा घोळ मोठा. माझ्या ध्वनींच्या तक्त्यात 'हात', 'हळद' मधला ह आणि 'रंग', 'शिंग' मधला अनुनासिक ङ कधीच एका जागी येत नव्हते. ङ फक्त क-गच्या आधी. ह तिथे नाहीच. म्हणजे दोघं एकाच ध्वनीची दोन रूपं, असं मी आनंदाने लिहून टाकलं आणि तिला सांगितलं.

तिने नाक चिमटीत धरलं. "हात" म्हणाली, स्पष्ट आलं. "रंग" म्हणाली, मधेच अडलं. मग स्वतःहूनच "खंत" म्हणाली. तेही अडलं.

"हीं दोगां नाकाचीं. तो ह गळ्याचो. गाठ पडना म्हूण एका घरचीं जातात?"

मी वही पुढे ओढली. 'खंत'मध्ये जीभ दातांशी, 'रंग'मध्ये मागे. बाकी दोघं नाकातलीच. त-दच्या आधी न, क-गच्या आधी ङ. हीच खरी जोडी. त्यांचं रूप शेजारचा आवाज ठरवतो. न भेटणं पुरेसं नसतं, आवाजांत साम्यही लागतं. पुस्तकातलं हे वाक्य मी परीक्षेत लिहिलं होतं, पण मला ते तिच्या चिमटीतून कळलं.

तोंडी परीक्षेत नेमका हाच प्रश्न आला. मी उत्तर दिलं आणि आनंदी गावस यांचं नावही सांगितलं. परीक्षकांनी ते कागदावर टिपून घेतलं.

बांधून आलेला प्रबंध मी तिला नेऊन दिला. कृतज्ञतेच्या पानावर तिचं नाव सगळ्यांत वर होतं. मी बोट ठेवून ते वाचून दाखवलं. पदराला हात पुसून तिने त्या ओळीवरून बोट फिरवलं.

"म्हाका शाणी म्हणपी तूं पयलीच," ती म्हणाली, आणि चहा ठेवायला आत गेली.