दोन फोटो, एक निवड

आमच्या छायाचित्र मंडळाच्या वार्षिक प्रदर्शनात नऊ वर्षं माझा एकही फोटो लागला नाही. दर वर्षी नव्वदेक सभासद प्रत्येकी चार फोटो देतात, म्हणजे तीनशे साठच्या आसपास. भिंतीवर जागा चोवीस चौकटींची. एका रविवारी सकाळी तीन परीक्षक पडद्यासमोर बसायचे, फोटो एकामागून एक सरकायचे आणि प्रत्येकाला दहापैकी गुण. क्रम आडनावाप्रमाणे. माझं आडनाव यादीच्या शेपटाला, त्यामुळे माझे फोटो यायचे ते जेवणानंतर, पंख्याखाली डोळे मिटायला लागलेले असताना.

मी गणिताची शिक्षिका. पेपर तपासण्यात उभी हयात गेली. पहिले वीस पेपर मी कडक तपासते, मग हात सैल पडतो, आणि गठ्ठा संपत आला की सगळे सारखेच वाटायला लागतात. हे माझं होतं तर त्यांचंही होत असणारच. पण मंडळात हे बोलले की लोक गालात हसायचे. फोटो लागत नाही म्हणून बाई चिडल्यात, असं त्या हसण्याचं भाषांतर होतं. चिडले होतेच. चिडण्यात चूक काय होती? माझे फोटो वाईट आहेत की कोणी बघतच नाही, एवढंच मला कळायला हवं होतं, आणि ते सांगण्याची सोयच त्या पद्धतीत नव्हती.

मागच्या वर्षी सभेत मी सरळ उभी राहिले. म्हटलं, गुण देणं बंद करा. परीक्षकासमोर दोनच फोटो ठेवा आणि विचारा, यातला चांगला कोणता?

अध्यक्ष म्हणाले, "म्हणजे कबड्डीसारखं. हरला तो बाद."

"बाद नाही, सर. पहिल्याच फेरीत दोन उत्तम फोटो समोरासमोर आले तर? त्यातला एक उगाच घरी जाईल."

मग मी फळ्यावर मांडून दाखवलं. प्रत्येक फोटोची प्रत्येकाशी गाठ घालायची तर जोड्या चौसष्ट हजारांवर जातात, कोणाच्या बापाला जमणार नाही. पण तेवढ्या लागतही नाहीत. आधी चार फेऱ्या सगळ्या फोटोंच्या, जोड्या चिठ्ठ्या टाकल्यासारख्या, तिन्ही परीक्षकांना वेगवेगळ्या. तगड्या फोटोला हरवलं तर जास्त गुण, दुबळ्याला हरवलं तर थोडे. त्यातून वरचे नव्वद काढायचे आणि त्यांच्या आणखी सहा फेऱ्या, या वेळी जवळजवळच्या क्रमांकांच्या जोड्या लावून, कारण खरी चुरस तिथेच असते. नावं झाकलेली. कोणता फोटो डावीकडे, कोणता उजवीकडे, तेही नशिबावर.

"आणि हे सगळं चालवणार कोण? तुम्हीच ना?" मागून एक जण म्हणाला. "तुमचाही फोटो असणार ना त्यात?"

"असणार," मी म्हटलं. "एक नाही, चार. परीक्षक मी नाही, आणि जोड्या माझ्या हातात नाहीत. कोणालाही शेजारी खुर्ची टाकून बसायचं असेल तर बसा."

कोणी बसलं नाही. पण नाही म्हणायलाही कोणाला जमलं नाही.

माझ्या भाचीने छोटासा प्रोग्राम लिहून दिला. गंगापूर रोडच्या एका हॉलमध्ये तीन लॅपटॉप मांडले. डावा फोटो आवडला तर 'ए'चं बटण, उजवा आवडला तर 'एल'चं. पहिल्या रविवारी चहाच्या आधी दोन फेऱ्या झाल्या, चहानंतर दोन. आणि परीक्षकांना न सांगता मी मास्तरीणपणा केला होता. चहाच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा वीस-वीस जोड्या पुन्हा दाखवायच्या, फक्त बाजू उलट्या करून. माणूस फोटो बघत असेल तर बाजू बदलली तरी तोच फोटो निवडेल. अटीतटीच्या जोडीत दोन-चारदा मन बदलणारच, ते मी धरून चालले होते.

दुपारी चार फेऱ्यांचे क्रमांक पडद्यावर आले. माझे तीन फोटो खाली गडगडले होते. चौथा, देवळाली कॅम्पच्या बसस्टँडवर लोखंडी ट्रंकेवर बसून भाकरी खाणारी फौजीची बायको, एकोणिसावा होता. खोटं कशाला बोलू, तो आकडा मी तीनदा वाचला. नऊ वर्षांत पहिल्यांदा मी चोवीसच्या आत होते.

मग मी उलट्या जोड्या तपासल्या. दोन परीक्षक ठीक होते. तिसरे, कॅम्पात चाळीस वर्षं स्टुडिओ चालवलेले ज्येष्ठ गृहस्थ, चहाच्या आधी वीसपैकी तीनदाच बदलले होते. चहानंतर मात्र वीसपैकी सोळा जोड्यांत त्यांनी दोन्ही वेळा डावाच फोटो निवडला होता. मला लगेच आठवलं. चहाबरोबर चिवडा आला होता. त्यांचा उजवा हात बशीत होता आणि डावा हात 'ए'वर.

त्या दोन फेऱ्यांत माझी ट्रंकेवरची बाई त्यांच्यासमोर दोनदा आली होती. दोन्ही वेळा डावीकडे. दोन्ही वेळा जिंकली होती, त्यातली एक गाठ तर फारच तगड्या फोटोशी होती.

हे फक्त मला माहीत होतं. लॅपटॉप बंद करून घरी गेले असते तर कोणाला पत्ता लागला नसता. दोन मिनिटं मी तशीच बसून राहिले, आणि त्या दोन मिनिटांची मला आजही लाज वाटते.

मी अध्यक्षांना आकडे दाखवले. ते कुजबुजले, "जाऊ द्या हो मॅडम, मोठा माणूस आहे."

"मोठा आहे म्हणूनच त्यांचं मत नीट घ्यायला हवं. पुढच्या रविवारी या दोन फेऱ्या त्यांच्याकडून परत."

त्या तिसऱ्या परीक्षकांच्या कानावर गेलं तेव्हा ते तडकलेच. "माझा इम्तिहान घेता काय, मॅडम? अख्ख्या कॅम्पाचे फोटो काढलेत मी!"

"म्हणूनच विचारतेय, काका. मला तुमचा डोळा हवाय, डावा हात नको."

ते म्हणाले, "चिवडा लय झणझणीत होता," आणि पुढच्या रविवारी दहाच्या ठोक्याला हजर झाले. बशी लांब सरकवून तासभर एकटे बसले. माझी ट्रंकवाली बाई त्या दोन्ही गाठी हरली. वरच्या नव्वदांत टिकली, सहा फेऱ्या लढली आणि शेवटी एकतिसाव्या क्रमांकावर थांबली. चोविसावा आला दिंडोरीच्या द्राक्षबागेत फवारणी करणाऱ्या माणसाचा फोटो. पहिला आला पेठच्या एका नर्सबाईंचा, मोबाईलवर काढलेला. त्यांनी यंदा पहिल्यांदाच भाग घेतला होता.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी चौकटी लावताना अध्यक्ष माझ्या फोटोची प्रत घेऊन आले. त्यांनी स्वतःच्या खर्चाने ती मढवून आणली होती. मन खरंच चांगलं होतं त्यांचं. म्हणाले, "पंचविसावी लावू या. एवढं राबलात तुम्ही. कोणी काही म्हणणार नाही."

"मी म्हणेन," मी म्हटलं.

"अहो, पण नऊ वर्षं..."

"नऊ वर्षं मला कोणी हरवलंच नाही, सर. बघितलंच नव्हतं. यंदा तीस वेळा कोणीतरी हा फोटो दुसऱ्या फोटोशेजारी ठेवून नीट बघितला. एकोणीस वेळा तो जिंकला, अकरा वेळा हरला. तो एकतिसावा आहे. मला तो तिथेच राहू द्या."

मी चौकट त्यांच्या हातातून काढून घेतली, आणि द्राक्षबागेतला फोटो तिरका लागला होता तो आधी सरळ केला.