स्लॅबच्या जिलब्या एक रविवार पुढे

नव्वदच्या दशकात मी पनवेलमध्ये लहानसहान बांधकामं घ्यायचो. एका डॉक्टरीणबाईंच्या नव्या दवाखान्याचा स्लॅब ठरलेल्या रविवारी भरता येणार नव्हता, कारण तुळयांच्या सळया मागवायला मी चक्क विसरलो होतो. स्लॅबच्या दिवशी मालकाने मजुरांचं तोंड गोड करायचं असतं, म्हणून बाईंनी जिलब्यासुद्धा सांगून ठेवल्या होत्या. वरच्या मजल्याचं काम मला द्यायचं का, हेही त्या स्लॅब बघून ठरवणार होत्या.

मी दिलगिरीचं पत्र लिहिलं. बायको कचेरीत टायपिस्ट. ती टाइप करताकरता थांबली.

"अहो, पावसाने काम अडलं? डिसेंबर चाललाय!"

"मग ट्रकवाल्यांचा संप लिही."

"कुठे झाला तो?"

शेवटी तिनेच लिहिलं: सळया मागवायला मी विसरलो. मंगळवारी सळया येतील, शुक्रवारपर्यंत बांधून होतील, शनिवारी इंजिनियर तपासतील आणि रविवारी स्लॅब भरू.

पत्र घेऊन मीच त्यांच्या जुन्या दवाखान्यात गेलो. बाई वाचत होत्या तेव्हा पेशंटच्या स्टुलावर बसलो होतो. नाडी बघितली असती, तर त्यांनी मला दाखलच करून घेतलं असतं.

"औषध वेळेवर घेतलं म्हणून रोज सगळे मला थापा मारतात," बाई हसत सुटल्या. "विसरलो म्हणणारे तुम्ही पहिलेच. जिलब्या पुढच्या रविवारी. आणि शनिवारी सळया बघायला मीही येणार."

स्लॅब त्या रविवारी भरला आणि वरचा मजलाही मिळाला. जिलब्यांचा पहिला पुडा मात्र बाईंनी माझ्या बायकोच्या हातात ठेवला.

"पत्र तुमचंच होतं ना?"