जपूनसरांचं ‘नाही’

आमच्या कॉलेजात भाषाशास्त्र शिकवणारे एक सर होते. त्यांचं खरं नाव हजेरीपुस्तकातच राहिलं, कारण सगळं कॉलेज त्यांना जपूनसर म्हणायचं. वर्गातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलाला ते ‘जपून हं’ म्हणत. जिना उतरणाऱ्याला जपून, चहा पिणाऱ्याला जपून. एकदा माझ्या हातात नुसतं वर्तमानपत्र होतं, तरी म्हणाले, “जपून.” मी विचारलं, “यात काय सांडणार आहे?” तर म्हणाले, “बातम्या वाईट आहेत.”

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते खोटं नाही. या माणसाला तर एक राक्षस पुरायचा नाही. प्राचार्यांनी बोलावलं की हे आधी पाणी पिणार, मग आरशात बघणार आणि मग मला विचारणार, “काय झालं असेल हो?” मीही कमी नव्हतो. ग्रंथालयाची खुर्ची सांभाळत सांभाळत गावभरच्या खबरा सांभाळणं हा माझा जोडधंदा होता. मी गंभीर चेहरा करून म्हणायचो, “ऐकलंय काहीतरी, पण तुम्हाला सांगवत नाही.” बस, दिवसभर बिचारे घास गिळू शकत नसत.

पण एका वर्षी खरोखरच काहीतरी झालं.

वार्षिक परीक्षेच्या पेपरातले दोन प्रश्न सरांच्या वर्गातल्या मुलांना आधीच ठाऊक होते, अशी निनावी तक्रार आली. पेपर सरांनीच काढलेला. कॉलेजने चौकशीला बाहेरचे एक वकील नेमले. आरोप सिद्ध झाला तर नोकरी जाणार, आणि मग कुठल्याही वर्गाचं दार त्यांना उघडणार नव्हतं. ज्याला खडू हातात घेतल्याशिवाय धड उभंही राहता येत नाही, त्याला ही शिक्षा म्हणजे जन्मठेपच.

वास्तविक गोष्ट साधी होती, आणि तीही भित्रेपणातून जन्मलेली. नवा प्रश्न काढला आणि कुणी तो अभ्यासक्रमाबाहेरचा म्हणालं तर? या भीतीने सरांनी दोन जुनेच प्रश्न पेपरात घातले होते. ते जुने पेपर माझ्या ग्रंथालयात फळीवर कुणालाही वाचायला ठेवलेले असत आणि वर्गात सराव म्हणून तेच सोडवून घेतले जात. आळस म्हणा, भित्रेपणा म्हणा, पण पेपर फोडणं हे नव्हे.

नियमाप्रमाणे चौकशीत सोबतीला एक सहकारी बसवता येतो, फक्त त्याने तोंड उघडायचं नाही. सरांनी मला नेलं. तोंड न उघडण्यासाठी अख्ख्या कॉलेजातून त्यांना मीच सापडावा, यावरून माणूस किती घाबरला होता ते समजा.

खोली कसली ती! लांब टेबल, पाठीमागे बंद खिडकी, कोपऱ्यात टंकलेखन करणाऱ्या बाई. वकीलसाहेब तब्येतीने जाड, आवाजाने बारीक. त्यांनी बराच वेळ इकडचं तिकडचं विचारलं, आणि सरांचा श्वास जरा खाली बसतोय असं दिसताच चष्मा काढला.

“सर, साधा प्रश्न आहे. परीक्षेआधी मुलांना प्रश्न सांगणं तुम्ही बंद केलंत का? हो की नाही, एवढंच सांगा.”

सरांच्या मानेवरची शीर उडताना मला दिसली. मनात म्हटलं, बाबा रे, एवढं म्हण की मी कधी सांगितलेच नाहीत. पण हा पडला भाषाशास्त्राचा शिक्षक. डोळे मिटून त्याने आत काहीतरी मांडलं, पुसलं, पुन्हा मांडलं आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला,

“नाही.”

टंकलेखनाची टकटक थांबली. वकीलसाहेबांनी चष्मा परत चढवला, अगदी सावकाश.

“म्हणजे अजून चालू आहे. लिहा हो बाई.”

ती टकटक पुन्हा सुरू झाली. सरांनी बोलायला तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. साहेबांनी पुढची तारीख दिली आणि उठले.

सरांच्या घरी पोचलो तर वहिनी दारातच. त्यांनी नवऱ्याचा चेहरा बघितला आणि मला विचारलं, “भाऊजी, काय झालं?”

मी सांगितलं. वहिनींनी कपाळाला हात लावला. “अहो, मी सुरूच कधी केलं नाही, एवढं म्हणायला काय जीभ झडली होती?”

“त्यांनी हो की नाही म्हटलं होतं ना,” सर म्हणाले. बिचारे खुर्चीच्या टोकावर बसले होते, जणू खुर्चीसुद्धा साक्ष देईल. “आणि तर्काने माझं बरोबर होतं. ‘मी बंद केलं’ हे वाक्य खरं नाही. जे सुरूच नव्हतं ते बंद कसं होणार? जे खरं नाही त्याला नाहीच म्हणायचं.”

“तर्काने बरोबर! आणि ऐकणाऱ्याने काय ऐकलं?”

“तेच तर.” सरांनी तोंडावरून हात फिरवला. “मी आयुष्यभर हेच शिकवत आलो आणि ऐन वेळी हेच विसरलो.”

मग त्या घाबरलेल्या माणसाने स्वयंपाकघरात उभं राहून आम्हा दोघांना शिकवलं. शिकवायला लागला की त्याचा आवाज थरथरायचा थांबतो, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

“समजा,” सर माझ्याकडे बोट दाखवत म्हणाले, “मी म्हटलं, ‘यांनी माझा अख्खा डबा संपवला.’ यातून काय निघतं? डब्यातलं काहीतरी यांच्या पोटात गेलं. आता म्हणा, ‘यांनी डबा संपवला नाही.’ मग?”

“मग काय, थोडं खाल्लं असेल किंवा नसेलही,” वहिनी म्हणाल्या.

“बरोबर. वाक्य नाकारलं की त्यातून निघणाऱ्या अर्थाचा आधार गेला. तो खरा असेल किंवा खोटा, वाक्य त्याची हमी देत नाही. आता दुसरं. ‘यांनी माझा डबा चोरून खाणं सोडलं.’ नाकारा.”

“भाऊजींनी डबा चोरून खाणं सोडलं नाही.”

“प्रश्न करा.”

“भाऊजींनी डबा चोरून खाणं सोडलं का?”

“जर-तर लावा.”

“जर भाऊजींनी डबा चोरून खाणं सोडलं असेल तर...” वहिनी थांबल्या आणि माझ्याकडे बघितलं. “अगंबाई! काहीही करा, भाऊजी चोर ते चोरच!”

“मी एकदाच खाल्ला होता,” मी म्हटलं, “आणि तोही उसळीचा वास आला म्हणून.”

“‘आता खात नाहीत’ हा भाग नाकारल्यावर पुसला जातो,” सर म्हणाले, “पण ‘पूर्वी खायचे’ हे त्या वाक्याने सांगितलेलंच नसतं. ते आधीच गृहीत धरलेलं असतं. म्हणून सरळ नाही म्हटलं की ते जागच्या जागी राहतं. ते उखडायचं तर वेगळं बोलावं लागतं, की सोडलं नाही, कारण कधी खाल्लंच नव्हतं. मी अर्धंच बोललो. उरलेला अर्धा घशात अडकला.” आणि शिकवणं संपल्याबरोबर आवाज पुन्हा थरथरला. “आता पुढच्या वेळी त्या मुलीला बोलावलंय.”

ती मुलगी म्हणजे साहेबांनी साक्षीला बोलावलेली, सरांच्याच वर्गातली, जाड चष्म्याची, उत्तरं पाठ करून येणारी. पुढच्या तारखेला ती बाहेरच्या बाकावर बसली होती, ओढणीचं टोक पिळत. कोण जास्त घाबरलंय, ती की सर, हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. आत जाताना मी सरांच्या कानाला लागलो. “साक्षीदाराला एक प्रश्न विचारायची मुभा आहे तुम्हाला. सरळ विचारा, ‘खोटं बोलायला तुला कोणी शिकवलं?’ नाव घेऊ दे, नाही तर गडबडू दे, दोन्हीकडून सापडली!”

सरांनी माझ्याकडे असं बघितलं की माझं मलाच ओशाळल्यासारखं झालं.

वकीलसाहेबांनी मुलीला पाणी दिलं, गोड हसले आणि विचारलं, “बाळ, सरांनी पेपरातले प्रश्न तुम्हाला कुठे सांगितले? वर्गात की घरी बोलावून?”

“वर्गात,” मुलगी पुटपुटली.

टकटक. झालं, संपलं. वकीलसाहेब म्हणाले, “सर, काही विचारायचंय?”

सर उठले. पेला उचलला तर पाणी सदऱ्यावर सांडलं. मला वाटलं हा आता खाली बसणार, किंवा माझाच प्रश्न विचारून मोकळा होणार. मुलगी मान खाली घालून वाट बघत होती, जणू फटका बसायचा आहे. सरांनी तिच्याकडे बघितलं आणि वर्गातल्या आवाजात म्हणाले,

“साहेब, कुठे सांगितले असं विचारलं की सांगितले हे ठरूनच जातं. उरतं फक्त ठिकाण. सांगितले का, हे तिला अजून कुणी विचारलेलंच नाही. तेवढंच विचारतो. बाळ, घाबरू नकोस. पेपरात काय येणार हे मी तुला कधी सांगितलं का? सांगितलं असेल तर तसं म्हण.”

मुलीने मान वर केली. “नाही सर. तुम्ही जुने पेपर सोडवून घेतलेत. त्यातलेच दोन आले.”

“मग मघाशी वर्गात का म्हणालीस?” वकीलसाहेबांचा आवाज आणखी बारीक झाला.

“तुम्ही वर्गात की घरी विचारलंत,” मुलगी रडवेली झाली. “सरांच्या घरी तर मी कधी गेलेच नाही.”

वकीलसाहेब माणूस वाईट नव्हता, सवयीने बेरकी होता इतकंच. त्यांनी जुने पेपर मागवले, मीच धावत जाऊन आणले. त्यांनी ते यंदाच्या पेपरशी ताडून बघितले आणि टाळूवरून हात फिरवला.

“मागच्या वेळचं माझं उत्तर,” सर चाचरत म्हणाले, “त्यापुढे एवढं जोडा: कारण मी ते कधी सुरूच केलं नव्हतं.”

“जोडा हो बाई,” साहेब म्हणाले.

आरोप गेला. जुनेच प्रश्न घातल्याबद्दल लेखी समज मिळाली, आणि सरांनी ती मला अशी भीत भीत दाखवली, जणू फाशीचा हुकूम.

निघताना दारात वकीलसाहेबांनी सरांच्या खांद्यावर हात ठेवला. चेहऱ्यावर मिश्किल हसू. “काय सर, घाबरणं बंद केलंत का आता?”

सरांनी डोळे मिटले. आत काहीतरी मांडलं, तपासलं. यावेळी काहीच पुसावं लागलं नाही.

“नाही,” ते म्हणाले, आणि साहेब जिना उतरायला लागल्यावर मागून हाक मारली, “जपून हं!”