एकही रजा नाही

निरोपाची भाषणं लिहायचं काम माझ्या गळ्यात कसं पडलं, ते देवाला ठाऊक. मी इस्पितळाच्या लाँड्रीचा मुकादम. दिवसभर मळक्या चादरी मोजून जीव मेटाकुटीला येतो, आणि त्यात हे.

या वेळी तिघी एकदम निवृत्त होत होत्या. धुलाईच्या यंत्रावरची मशीनवाली, घडीवाली आणि शिवणवाली. मला खरं सांगायचंय ते शिवणवालीबद्दल. खिडकीखालच्या शिवणयंत्रावर बसून तिने एकतीस वर्षं फाटक्या चादरी सांधल्या. शिवण नेहमी कडेला घ्यायची, रुग्णाच्या पाठीखाली येऊ द्यायची नाही. कुणी घाई केली की चष्म्यावरून बघायची आणि म्हणायची, "तुम्ही झोपणार आहात का यावर?" विषय तिथेच संपायचा.

आदल्या संध्याकाळी मी भाषण बायकोला वाचून दाखवलं. मशीनवालीचा भाग सगळ्यात मोठा झाला होता, कारण तिचं कौतुक सोपं होतं. त्यात एक वाक्य होतं, "बाकीच्या घड्याळाकडे बघायच्या, पण ही कधी नाही."

बायको म्हणाली, "अहो, बाकीच्या म्हणजे कोण? त्या दोघी शेजारच्याच खुर्च्यांवर बसणार ना?"

"बरं, काढतो."

"आणि तिघींना सारखंच लिहा. एकीला पान आणि दुसरीला चार ओळी, हे दिसतं माणसाला."

मी ते वाक्य खोडलं. पुढचं सारखं करायचा मात्र कंटाळा आला. पाय ठणकत होते, डोळे मिटत होते. शिवणवालीच्या चार ओळी चारच राहिल्या. आपण तुलना काढून टाकली, झालं आपलं काम, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत सगळे घडीच्या खोलीत जमले. घडीचं लांब टेबल भिंतीला सरकवलं, समोर तीन खुर्च्या मांडल्या. शिवणवालीची लेक आली होती. पाय ओढत आली आणि पहिल्या रांगेत बसली. आई निवृत्त होताना लोक काय बोलतात, ते तिला ऐकायचं होतं. तिच्या आईनेही तिला हट्टाने बोलावलं होतं.

मी वाचायला लागलो. मशीनवालीबद्दल वाचलं, "अठ्ठावीस वर्षांत एकही रजा नाही. कामावर प्रेम असावं तर असं." टाळ्या पडल्या. शब्दन् शब्द खरा होता, कुणाचं नाव नव्हतं, 'बाकीच्या' हा शब्दही नव्हता.

पण पहिल्या रांगेतल्या लेकीने मान खाली घातली.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अकरा वर्षांपूर्वी ही लेक अपघातात सापडली. आमच्याच इस्पितळात आठ महिने पडून होती, आणि शिवणवालीने आठ महिने रजा काढली होती. त्या रजेच्या अर्जावर शिफारस माझीच. मी मेला ते साफ विसरलो.

मशीनवाली उठली. कधी चार शब्द न बोलणारी बाई. म्हणाली, "साहेब, मी रजा घेतली नाही, कारण घरी माझी वाट बघणारं कुणी नव्हतं. उगाच त्याचं कौतुक नको." आणि खाली बसली.

मी उरलेलं कसंबसं वाचलं. शिवणवालीच्या चार ओळी तर श्वास घ्यायच्या आत संपल्या. त्या वाचताना मला स्वतःचीच लाज वाटली.

पांगापांग झाल्यावर मी तिच्याकडे गेलो. ती यंत्रावर कापडाचं झाकण घालत होती.

"चुकलं माझं," मी म्हणालो. "तुला लागेलसं वाचलं मी."

"मला कुठे लागलं?" ती म्हणाली. "मी रजा घेतली, घेतली. पण ही पोर आज घरी गेल्यावर विचारणार, आई, माझ्यापायी तुझी कामात किंमत कमी झाली का गं? अकरा वर्षं मी हे तिच्या मनात येऊ दिलं नव्हतं. आता काय सांगू, ते तेवढं लिहून द्या."

लेक दाराशी थांबली होती. मी भाषणाचाच कागद उलटा केला आणि टेबलाच्या कोपऱ्यावर उभ्यानेच लिहायला लागलो. कुणापेक्षा, कुणासारखं, काही नाही. फक्त शिवणवालीचं, लेकीला उद्देशून. तू इथे वरच्या मजल्यावर होतीस तेव्हा तुझी आई रोज दुपारी खाली यायची. रजेवर असून. तुझ्या वॉर्डातल्या फाटक्या चादरी मागून घ्यायची, शिवायची आणि परत तुझ्याजवळ जाऊन बसायची. तिला कुणी सांगितलं नव्हतं. त्या आठ महिन्यांत तुझ्या खाटेवर एकदाही टोचणारी शिवण आली नाही.

शिवणवालीने चष्मा लावून सावकाश वाचलं. दोनदा वाचलं. मग कागद लेकीच्या हातात दिला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "हे मघाशी वाचायला काय झालं होतं तुम्हाला?"