रेनोची साडेआठ तासांची विश्रांती

लॉर्ना पेट्रिचला गावात कुणी घाबरत नसे. घाबरत ते तिच्या नोंदवहीला. बस कंपनीच्या कचेरीत तिची बावीस वर्षं गेली होती, आणि कुठला ड्रायव्हर किती वाजता घरी गेला हे त्याच्या बायकोच्या आधी लॉर्नाला कळायचं. त्यामुळे दोन संसार मोडता मोडता वाचले आणि एक खरोखर मोडला. त्या तिसऱ्याचं खापरही लोकांनी लॉर्नाच्याच डोक्यावर फोडलं. तिनं कधी खुलासा केला नाही. वेळ खरी होती, एवढंच म्हणाली.

आता हल्ली नोंदी बसमधलं यंत्रच करतं, पण बस उभी असताना ड्रायव्हर काय करतो हे यंत्राला कुठून कळणार? ते ड्रायव्हरनं स्वतः भरायचं: कामावर, की सुट्टीवर. लॉर्ना रोज सकाळी ते ओळीनं वाचायची. सलग आठ तास सुट्टी झाल्याशिवाय प्रवाशांची बस पुन्हा हातात घ्यायची नाही, हा त्यातला मुख्य नियम. जादा फेऱ्यांचा कागद शुक्रवारी फळ्यावर लागायचा. ज्याची नोकरी जास्त, त्यानं आधी नाव लिहायचं. नाव लिहिलं म्हणून फेरी पक्की होत नसे. लॉर्नानं तास तपासून शेजारी आद्याक्षर टाकलं, की पक्की.

त्या फेब्रुवारीत कागदावर एकच फेरी होती. शाळेच्या मुलींचा हॉकी संघ राज्याच्या स्पर्धेला पोचला होता. शनिवारी सकाळी नऊला निघायचं, साडेतीन-चार तासांचा रस्ता, दोनला सामना. पहिलं नाव रेनो साल्मेलाचं. दुसरं कुणी लिहिलंच नाही. रेनोची नात काइसा त्या संघात गोलरक्षक होती, तिचं शाळेतलं शेवटचं वर्ष होतं, आणि रेनो वसंतात निवृत्त होणार होता. चार वर्षं तो तिच्या संघाला नेत-आणत होता. ही फेरी हिसकावून घेण्याइतकं दगडी काळीज आपल्या गावात कुणाचंच नव्हतं.

शुक्रवारी रात्री रेनो दुसऱ्या फेरीवरून बरोबर बाराला परतला. यंत्रात सुट्टी सुरू झाली. सकाळी साडेआठला हजर व्हायचं, म्हणजे साडेआठ तास. अर्धा तास वरच. लॉर्नानं शनिवारी सव्वाआठला ते वाचलं आणि आद्याक्षर टाकायला पेन उचललं.

मग तिला पर्समधली चिठ्ठी आठवली.

लॉर्नाची मावशी हिल्या सोमवारी वारली होती. दफन शनिवारी अकराला. दफनभूमीच्या मंडळाचे हिशेबही लॉर्नाच ठेवायची, कारण गावात ज्या कामाला कुणी तयार नसतं ते तिच्याकडे येतं. थडगं खणणाऱ्या म्हाताऱ्याचं खुब्याचं हाड मोडलं होतं, म्हणून कुणीतरी दुसरं बघायला मंडळानं पाद्र्यांना सांगितलं होतं. गोठलेली जमीन मऊ व्हावी म्हणून गुरुवारपासून तिथे लोखंडी झाकणाखाली गॅसची शेगडी जळत होती. सकाळी घरातून निघताना लॉर्नाला पत्रपेटीत कामाची चिठ्ठी मिळाली होती. तिनं न वाचताच ती पर्समध्ये टाकली होती. आता उघडून पाहिली. हिल्या मावशीची जागा. सुरुवात पाच, शेवट पावणेआठ. खाली सही, रेनो साल्मेला.

एका टेबलावर दोन कागद. दोन्हींवर एकच माणूस, एकाच वेळी खणतही होता आणि झोपतही होता.

रेनो आला तेव्हा त्याच्या बुटांना ओली माती होती आणि गालावर दाढी करताना कापल्याची खूण. "काय गं, अशी का बघतेस? मुली सामान चढवतायत. किल्ली दे."

"बस जरा."

"बसायला बस आहे ना बाहेर. चार तास बसणारच आहे." स्वतःच्याच विनोदावर तो हसला.

लॉर्नानं चिठ्ठी पुढे सरकवली. रेनोनं ती वाचली, जणू दुसऱ्या कुणाची आहे.

"हे बसचं काम थोडंच आहे? हे मी मंडळाचं केलंय. पाद्र्यांना माणूस मिळेना. तुझी मावशी काय तशीच ठेवायची होती?"

"कुणाचंही असू दे. पैसे घेऊन केलेलं काम म्हणजे काम. दर वर्षी ड्रायव्हरांच्या वर्गात सांगते मी. मागच्या बाकावर बसून डोनट खाताना ऐकू येत नसेल."

"येतं ऐकू. मला वाटलं, दुसऱ्या कंपनीची गाडी चालवली तरच मोजायचं." तो खरंच तसं समजत होता. रेनोला खोटं बोलता येत नाही. पत्त्यांत म्हणूनच कायम हरतो.

"बारा ते पाच झोपलास. पाच तास. मग पावणेतीन तास खणलंस. आठ सलग झाले नाहीत. आता पावणेआठपासून नव्यानं मोजायचे. पावणेचारच्या आत मी तुला किल्ली देऊ शकत नाही."

"दोनला सामना आहे, लॉर्ना."

"माहीत आहे."

तो खुर्चीत बसला. बाहेर मुली एकमेकींच्या टोप्या पळवत होत्या. काइसानं खिडकीतून आजोबांना हात केला, त्यानंही केला. मग त्यानं चिठ्ठी उचलली आणि मधोमध फाडली.

"झालं. मला पैसे नकोत. हिल्यानं मला लहानपणी पोहायला शिकवलं होतं. तिच्यासाठी खणलं, फुकट. फुकट केलं तर ते काम नाही, शेजारधर्म. वर्गात हेही सांगितलंस तू."

सांगितलं होतं. लॉर्नाला क्षणभर वाटलं, सुटले. मोबदला नाही, म्हणजे कामाची नोंद नाही, म्हणजे साडेआठ तास पुरे. कुणी तपासायला आलं तरी कागद स्वच्छ. नुसतं आद्याक्षर टाकायचं. एकच अक्षर.

तिनं रेनोच्या हातांकडे पाहिलं. नखांत अजून माती होती, आणि चिठ्ठीचा एक तुकडा खाली पडला होता, ते त्याला कळलंही नव्हतं.

"किती वाजता उठलास?"

"चारला."

"आणि झोपलास?"

"एकला. घरी येऊन जेवलो."

"म्हणजे तीन तास."

"जास्त झोप म्हाताऱ्याला लागत नाही."

"पैसे परत केलेस, झोप कुठे परत आली? दमलेल्याला गाडी चालवायला देऊ नये, हाही नियमच आहे, रेनो. त्यात पैशांचा शब्द नाही. तो तुलाही आहे आणि मलाही."

"बावीस वर्षांत तुला एकदाही काही मागितलं नाही."

"नाही मागितलंस."

"माझी नात आहे त्या बसमध्ये."

"म्हणूनच," लॉर्ना म्हणाली.

लॉर्नानं फोन उचलून डोरिस बुकोव्हाचला लावला. डोरिस अर्धवेळ ड्रायव्हर. गुरुवारपासून घरी होती, हे लॉर्नाला विचारावंही लागलं नाही.

"डोरिस, काय करतेस?"

"पाव भाजतेय. का, कुणी मेलं?"

"नाही. कुणी मरू नये म्हणून फोन केलाय. वीस मिनिटांत ये."

फळ्यावरच्या कागदावर लॉर्नानं रेनोचं नाव खोडलं, डोरिसचं लिहिलं आणि आद्याक्षर टाकलं. मग चिठ्ठीचे दोन तुकडे चिकटपट्टीनं जोडले. "पैसे घे. तुझा हक्क आहे तो. पण यंत्रातली ओळ तूच बदल. पाच ते पावणेआठ, कामावर, गाडी न चालवता. खाली कारण लिही."

"काय कारण लिहू?"

"थडगं खणलं, असं लिही. दुसरं काय?"

त्यानं लिहिलं. एकेक अक्षर शोधत. कंपनी त्याला दोन शब्द सुनावणार हे दोघांनाही माहीत होतं.

बस नऊ वीसला निघाली. डोरिसनं आरसे आपल्या उंचीला आणले, त्याचाही रेनोला राग आला. तो तिसऱ्या रांगेत बसला, प्रवासी म्हणून, मांडीवर टोपी. काइसा शेजारी येऊन बसली. "आजोबा, तुम्ही नाही चालवणार?"

"नाही. मी आज थकलोय," रेनो म्हणाला. चार वर्षांत हे वाक्य त्याच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. काइसानं आणखी काही विचारलं नाही. आपला जाड कोट तिनं त्याच्या गुडघ्यांवर टाकला.

लॉर्ना कचेरी बंद करून दफनभूमीत गेली. खड्डा सरळ होता, चारही कोपरे नीट काढलेले. एवढं काटेकोर काम तिनं त्या जागेत कधी पाहिलं नव्हतं. मंडळी येईपर्यंत ती कडेला एकटीच उभी राहिली, आणि रेनोनं आपल्या मावशीसाठी किती झोप मोडली, हे मनातल्या मनात पुन्हा मोजत राहिली.