लेकीचा उपास

माझ्या लेकीला फिनाइलकीटोन्युरिया आहे. प्रथिनांतल्या फिनाइलअ‍ॅलनिनचं टायरोसिन करणारं एन्झाइम तिच्यात जन्मापासून काम करत नाही. मग ते फिनाइलअ‍ॅलनिन रक्तात साचतं आणि मेंदूला इजा करतं. म्हणून डाळ, दूध, शेंगदाणे बंद. खास पावडर आणि मोजून भात. जुन्या जालन्यातल्या आमच्या गल्लीला हे सांगून माझा घसा बसला, तरी शेजारच्या काकू वरण घेऊन हजर. "पोरगी वाळून राह्यली. जरासं चारलं तर काय होतंय?"

शेवटी वैतागून म्हटलं, "काकू, तिला उपास आहे."

काकूंनी जल्दी वाटी मागं घेतली. एन्झाइम सांगून जे जमलं नाही, ते उपासानं जमलं!

दुसऱ्या दिवशी काकू डबा भरून शेंगदाण्याचे लाडू घेऊन आल्या. "उपासाला बिलकुल चालतात."